लाँड्रीच्या काउंटरवरचा नवा पोरगा आणि चिडलेलं गिऱ्हाईक

लाँड्रीत गिऱ्हाईक चिडतं त्याची कारणं मोजकीच असतात. कपडा सांगितलेल्या दिवशी मिळत नाही, डाग निघालेला नसतो, कपडा सापडत नाही, आणि चौथं म्हणजे देताना नव्हतं असं काहीतरी परत मिळालेल्या कपड्यावर दिसतं. पहिल्या तिन्हींत नेमकं काय झालंय हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, म्हणून ती भांडणं लवकर मिटतात. चौथ्यात मात्र गिऱ्हाईकाला खात्री असते की हे दुकानानेच केलं आणि काउंटरवरच्या पोराला तितकीच खात्री असते की आपल्याकडून हे झालेलं नाही. दोन खात्र्या समोरासमोर आल्या की आवाज चढतो. नव्या पोराला तयार करायचं ते मुख्यतः या चौथ्या प्रसंगासाठी.

पुण्यात ज्यांचं छोटं लाँड्री-ड्रायक्लीनिंगचं किंवा साडी पॉलिशचं दुकान आहे, धुलाई बाहेर प्लँटवर जाते आणि काउंटरवर पहिल्यांदाच एखादा मुलगा किंवा मुलगी ठेवली आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी सोयीसाठी ‘पोरगा’ म्हणतो. मुलगी असेल तरी शिकवणं तेच.

पहिला आठवडा: बोलायला नाही, कपडा घ्यायला शिकवा

चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे पहिल्या दिवशी सांगून उपयोग नाही. भांडण परतीच्या दिवशी होत असलं तरी त्याचा निकाल बहुतेक वेळा कपडा घेतला त्याच दिवशी लागलेला असतो. म्हणून पहिला आठवडा पोराने फक्त कपडे घ्यावेत, आणि तेही तुमच्या शेजारी उभं राहून.

कपडा उलगडल्याशिवाय पावती फाडायची नाही, हा एकच नियम. साडी असेल तर पदर, डाव्या खांद्यावर येतो तो भाग, निऱ्यांची खालची बाजू आणि फॉल. शेरवानी किंवा कोट असेल तर कॉलर, काखा, बाह्यांची टोकं आणि बटणं. जुनी रेशमी साडी उजेडासमोर धरून बघायची. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम त्या रेघेवर विरतं आणि रोल प्रेसवर ताण आला की तिथेच उसवल्यासारखं फाटतं. गडद काठ आणि फिकट अंग अशी साडी असेल तर आतल्या बाजूला कोपऱ्यात ओला पांढरा कपडा दाबून रंग उतरतो का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. संध्याकाळी सातला काउंटरवर रांग असते तेव्हाही करायचं.

जे दिसेल ते तोंडाने बोलायचं आणि गिऱ्हाईकाच्या समोर पावतीवर लिहायचं. वाक्यं पाठच करून घ्या:

“काकू, पदराला इथे डाग आहे बघा. मी पावतीवर लिहितोय हं. कशाचा आहे, आठवतंय का?”

“ही घडीवर थोडी विरली आहे. पॉलिशला टाकली तर या रेघेवर जाऊ शकते. करायची का नुसती इस्त्री, घरी विचारून सांगितलंत तरी चालेल.”

आणि तिसरं, सगळ्यांत कामाचं:

“यावर सरबत, नारळपाणी, कोल्ड्रिंक असं काही सांडलं होतं का? आत्ता दिसत नसेल, पण गरम इस्त्रीने उमटतं, म्हणून विचारतो.”

हे तिसरं वाक्य का, ते पोराला नीट समजावून सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात तेल, तूप, मेकअप विरघळतो. साखर विरघळते पाण्यात. साडीवर लिंबू सरबताचा किंवा नारळपाण्याचा थेंब उडाला तर तो वाळतो आणि दिसेनासा होतो. ड्रायक्लीनिंगमधूनही ती साखर तशीच धाग्यात बसून राहते. मग तिच्यावर प्रेसची उष्णता येते आणि साखर पिवळी-तपकिरी पडते. म्हणजे स्वच्छ दिसणारी साडी दुकानात येते आणि डाग घेऊन परत जाते. गिऱ्हाईकाच्या जागी मी असतो तर मीही दुकानदाराचीच चूक म्हटली असती.

दुसरा आठवडा: पहिलं मिनिट

चिडलेलं गिऱ्हाईक आल्यावर पहिल्या मिनिटात पोराने काय करायचं ते शरीराने करायचं असतं, तोंडाने नाही. मोबाइल खाली ठेवायचा. बसला असेल तर उभं राहायचं. काउंटरवर पसरलेले बाकीचे कपडे बाजूला करून जागा मोकळी करायची, दोन्ही हात पुढे करून कपडा घ्यायचा आणि म्हणायचं, “दाखवा बरं.” बास. मग कपडा ट्यूबलाइटखाली पसरायचा, वाकून बघायचा आणि जे दिसतंय ते बोलायचं: “हो, दिसतंय. इथे आहे, आणि इथे खालीही दोन आहेत.”

नवी पोरं इथेच अडखळतात. त्यांना वाटतं डाग आहे असं म्हटलं म्हणजे चूक कबूल केली. तसं नाही. डाग आहे हे दोघांनाही दिसतंय. तो कुणी पाडला हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर काउंटरवर द्यायचंच नाही. पण डाग दिसतोय हे आपण मान्य केलं की गिऱ्हाईकाला तो सिद्ध करायची गरज उरत नाही आणि आवाज आपोआप एक पट्टी खाली येतो. “कुठे आहे? मला तर नाही दिसत” असं म्हणून बघा, काय होतं ते.

गिऱ्हाईक बोलत असताना मध्ये खुलासा करायचा नाही, खुलासा शंभर टक्के खरा असला तरी. साखरेचं सगळं शास्त्र पोराला पाठ असतं आणि ते सांगायला जीभ शिवशिवत असते. “काकू, हा तुमचा नारळपाण्याचा डाग आहे” हे वाक्य खरं असूनही पहिल्या मिनिटात ते आरोपच वाटतं. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी, कपडा तपासून झाल्यावर, मालकाच्या तोंडून आलं तर लोक ऐकून घेतात.

काही वाक्यं मी दुकानात बंदच केली आहेत. “शांत व्हा” म्हटल्याने आजवर कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. “आमच्याकडे असं होतच नाही” हे तर भांडणाचं आमंत्रणच. “मालक नाहीयेत, संध्याकाळी या” म्हणजे गिऱ्हाईकाने हाच राग घेऊन पुन्हा एक फेरी मारायची. आणि “पावतीच्या मागे लिहिलंय बघा” हे सगळ्यांत वाईट. पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांतल्या अटी गिऱ्हाईकाने वाचलेल्या नसतात. आपणही छापून आल्यावर एकदाच वाचलेल्या असतात.

त्याऐवजी:

“आवडती साडी दिसतेय. मी नीट बघतो, तुम्ही बसा दोन मिनिटं.”

“तुमचं पूर्ण सांगून होऊ द्या, मी लिहून घेतो.”

“हे कशाने झालं ते मला आत्ता छातीठोक सांगता येणार नाही. उद्या अकरापर्यंत तपासून मालकच तुम्हाला फोन करतील.”

हे तिसरं वाक्य म्हणताना वेळ नेमकी सांगायची. “बघतो”, “कळवतो”, “करू काहीतरी” या पुण्यात शिव्या आहेत असं समजा. इथल्या गिऱ्हाईकाने एवढे ‘कळवतो’ ऐकलेत की त्याचा अर्थ ‘कळवणार नाही’ असाच घेतला जातो.

हाक कशी मारायची हेही शिकवावं लागतं. केस पांढरे असतील तर काका, काकू, आजी बिनधास्त. चाळिशीच्या बाईंना काकू म्हटलं तर डाग राहतो बाजूला आणि भलतंच सुरू होतं. ताई किंवा मॅडम म्हणावं. पुरुषांना दादा, साहेब, सर, जे सहज तोंडात बसेल ते. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या पोराला आपली बोली बदलायला लावू नका. ‘अहो-जाहो’ सांभाळलं की पुरे. शुद्ध पुस्तकी मराठीत बोलायला गेलं की तो बिचारा अडखळतो आणि ते उद्धट वाटतं.

टोमण्याची सवय मात्र करून घ्यावी लागते. इथे राग नेहमी आरडाओरड्यातूनच येतो असं नाही. “तुमच्याकडे कपडे धुतात की रंगवून देतात?” असं अगदी हसऱ्या चेहऱ्याने विचारलं जातं. पोराने त्यावर हसायचं नाही, उलट टोमणा तर मुळीच मारायचा नाही. पुणेरी दुकानदाराच्या तिरकस उत्तरांचं कौतुक गप्पांत ठीक आहे, ज्याची साडी खराब झालीय त्याला ते ऐकवू नये. अशा वेळी फक्त कपड्याकडे बघत “हो, रंग बदललाय खरा, बघू द्या” एवढंच.

एक प्रसंग सगळा उलगडून

गणपतीनंतरच्या आठवड्यात हमखास येणारा प्रसंग घेतो. मोतिया रंगाची रेशमी साडी, डाळिंबी काठ. घेताना डाग दिसला नव्हता. पोराने नारळपाण्याचा प्रश्न विचारला होता आणि पावतीवर लिहिलं होतं, ‘डाग दिसत नाही, सरबत, ना. पाणी – आठवत नाही’. साडी प्लँटवरून आली, रोल प्रेस होऊन पिशवीत गेली. बाईंनी घरी नेली, उघडली आणि तासाभरात दुकानात.

“अहो काय करून ठेवलंय हे! एकदा नेसलेली साडी, आणि आता हे डाग! कोण भरून देणार?”

“दाखवा बरं, काकू.” साडी पसरायची. “हो, दिसतायत. एक, दोन… इथे निऱ्यांवर पाच आहेत आणि पदरावर दोन.”

“दिसणारच! मी दिली तेव्हा एकही नव्हता.”

“बरोबर, घेताना दिसत नव्हता. पावतीवर मी तसंच लिहिलंय.”

इथे पोराच्या हातात पावती असते आणि तिच्यावर ‘आठवत नाही’ हे शब्द असतात. ते आत्ता विजयी मुद्रेने दाखवायचे नाहीत. त्या ओळीचा उपयोग उद्या आहे. आज त्यातला जो भाग बाईंच्या बाजूचा आहे, म्हणजे घेताना डाग दिसत नव्हता, तेवढाच बोलायचा.

“मग झालं तर. तुमच्याकडेच पडलेत.”

“ते मला आत्ता सांगता येणार नाही, काकू, आणि उगाच काहीतरी सांगणंही बरोबर नाही. मी डागांचे फोटो काढतो, साडी तपासायला ठेवून घेतो. उद्या अकराला मालक फोन करतील. ही ठेवून घेतल्याची वेगळी पावती.”

“आणि पैसे?”

“त्याचंही मालकच बोलतील, तपासल्यावर. तुमच्याकडून आज काही घेत नाही. तोवर एक विनंती, या साडीचा ब्लाउज घरी असेल आणि त्यावर असंच काही असेल तर घासू नका, इस्त्रीही करू नका.”

ही शेवटची सूचना शोभेची नाही. घरी गेल्यावर लोक लिंबू लावतात, साबणाने चोळतात. ओलं रेशीम चोळलं की धाग्यांचा पृष्ठभाग उचलला जातो आणि तिथे पांढुरका खरबरीत चट्टा पडतो, तो पुढे कुणालाच घालवता येत नाही. पुन्हा इस्त्री फिरवली तर साखर अजून पक्की भाजते. शिवाय कामाची सूचना ऐकली की समोरच्याला जाणवतं की या पोराला कपड्यातलं कळतं.

आता तपासणी. ही मालकाने करायची, पण पोराला शेजारी उभं करून. साडी आधी आपल्या दुकानाच्या घडीवर घाला. डाग एकाखाली एक, घडीच्या थराथरांत जुळून येत असतील तर घडी घातल्यावर काहीतरी सांडलंय, म्हणजे आपल्याकडे किंवा प्लँटवर. मग साडीच्या निऱ्या घालून बघा. डाग निऱ्यांच्या पुढच्या कडेला वीतभर अंतराअंतराने आले, किंवा पदर खांद्यावर घेतल्यावर पुढे येतो त्या भागावर असले, तर ते नेसलेली असताना उडालेत. आकारही बघा. उडालेला थेंब गोल असतो आणि त्याची कड आतल्या भागापेक्षा गडद असते. इस्त्रीने जळालेलं असेल तर तिथे इस्त्रीची सरळ किंवा टोकदार कड दिसते आणि कापड बोटाला कडक, चुरचुरीत लागतं. ही तपासणी एकदा बघितलेला पोरगा पुढच्या वेळी काउंटरवर घाबरत नाही, कारण राग कितीही मोठा असला तरी प्रश्न उद्या घडी घालून सुटणार आहे हे त्याला कळलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी अकराचा फोन अकराला. कामात असाल तर पावणेअकराला करा. अकरा वाजून वीस मिनिटांनी केलात तर सुरुवातीची पाच मिनिटं उशिरावरच जातात. फोनवर मालकाने असं बोलावं:

“नमस्कार काकू, साडीबद्दल फोन केलाय. मी निऱ्या घालून बघितलं. डाग निऱ्यांच्या पुढच्या बाजूला आणि पदरावर आहेत, गोल थेंबांसारखे. असे डाग नारळपाण्याचे किंवा सरबताचे असतात. वाळल्यावर दिसत नाहीत, गरम प्रेसने वर येतात. गणपतीत ही साडी नेसला होतात का?”

बहुतेक वेळा पलीकडे क्षणभर शांतता होते आणि मग “हो, नारळ फोडताना मी पुढेच होते…” असं काहीतरी येतं. इथे “बघा, मी म्हटलंच होतं” हे गिळून टाकायचं. लगेच उपायावर या: “आम्ही हाताने स्पॉटिंग करून बघतो. बरेच फिके होतील. निऱ्यांवरचे दोन जास्त भाजलेत, ते पूर्ण जातीलच असं सांगत नाही. स्पॉटिंगचे पैसे घेणार नाही. करू का?”

‘पूर्ण जातीलच असं सांगत नाही’ हे आधीच सांगणं गरजेचं. साखरेचा डाग भाजून गडद झाला असेल तर जोर लावल्याने डागाच्या आधी साडीचा रंग निघतो, आणि शहाणा स्पॉटर त्याआधीच हात थांबवतो. फिका डाग उरला आणि आधी सांगितलेलं असेल तर गिऱ्हाईक साडी घेऊन जातं. सांगितलेलं नसेल तर दुसरं भांडण सुरू होतं, आणि त्यात चूक आपली असते.

घडी घातल्यावर डाग थरांत जुळले तर मात्र आढेवेढे न घेता सांगावं: “काकू, हे आमच्याकडे झालंय.” मग भरपाईचं बोलणं मालकाने प्रत्यक्ष बोलावून, खुर्चीवर बसवून करायचं. पोरगा तेव्हा काउंटरवर, दोघांच्या मध्ये नको.

सराव: शटर अर्धं खाली ओढल्यावर

वाक्यं पाठ झाली म्हणजे तोंडातून निघतीलच असं नाही. रात्री दुकान आवरताना आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, तुम्ही गिऱ्हाईक व्हा. खरा कपडा हातात घ्या, कोणी न नेलेली एखादी डागाळलेली साडी प्रत्येक लाँड्रीत असतेच. पहिल्या फेरीत साधं चिडा. दुसऱ्या फेरीत बोलू न देणारं गिऱ्हाईक व्हा. तिसऱ्यात अगदी गोड आवाजात टोमणे मारा, कारण मुलं आरडाओरडा सहन करतात, टोमण्याने मात्र तडकतात.

त्याचे शब्द चुकले तर फारसं अडत नाही. हात बघा. कपडा घेतला का, पसरला का, की काउंटरवर हात टेकून नुसता ऐकत राहिला? आवाज बघा. समोरचा चढला की तोही चढतो का? चढत असेल तर त्याला सांगा, प्रत्येक उत्तराआधी कपड्याची एक घडी उलगड. हाताला काम मिळालं की तेवढा श्वास मिळतो. आणि “पण” मोजा. “तुमचं बरोबर आहे, पण…” यातला “पण” आला की आधीचं सगळं पुसलं जातं. त्या जागी थांबायला शिकवा: “तुमचं बरोबर आहे. घेताना डाग दिसत नव्हता.” पूर्णविराम.

सराव करताना घरातलं दुसरं कोणी हसायला बसवू नका. पोरगा लाजला की पुन्हा उभा राहत नाही.

त्याने काय ठरवायचं, काय नाही

पोराला कसलेच अधिकार नसतील तर तो खोटं धैर्य आणून भांडतो किंवा सरळ “मालकांना विचारा” म्हणून हात झटकतो. म्हणून थोडे द्या. इस्त्री नीट झालेली नसेल तर न विचारता पुन्हा करून द्यायची. बटण गेलं असेल तर लावून द्यायचं. शंभर-दीडशे रुपयांपर्यंतचं बिल त्याला योग्य वाटलं तर सोडायचं, फक्त वहीत कारण लिहायचं. त्यापुढे त्याचं वाक्य ठरलेलं: “एवढं माझ्या हातात नाही. मालकांचा फोन उद्या अकराला येईल.”

भरपाईचा आकडा त्याने कधीच बोलायचा नाही. गिऱ्हाईक विचारणार, “साडी आठ हजारांची आहे, किती देणार?” तेव्हा त्याने साडीच्या किमतीबद्दल शंकाही घ्यायची नाही आणि होकारही भरायचा नाही: “आठ हजार म्हणालात, लिहून घेतलं. बिल असेल तर फोटो पाठवून ठेवा.”

“ग्राहक मंचात जाईन” हे वाक्य वर्षातून काही वेळा ऐकू येतंच. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची सुरुवात १९७४ साली याच गावात झाली, तेव्हा पुण्याच्या गिऱ्हाईकाला हक्क शिकवायला जाऊ नये. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी ही तक्रारीची बाब आहेच, आणि सेवेची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्कही लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. म्हणजे ही धमकी पोकळ नाही, आणि पावतीमागची ‘आम्ही जबाबदार नाही’ ही ओळ ढाल म्हणून धरून बसू नये. पोराचं उत्तर एवढंच: “तो तुमचा अधिकार आहे, साहेब. तोपर्यंत आम्ही तपासतो. तुम्ही काय सांगितलंत ते पावतीवर लिहून देऊ का?” लिहून मिळतंय म्हटल्यावर अर्ध्या लोकांचा आयोगाचा विचार बारगळतो. उरलेल्यांसाठी आपल्याकडे पावती, फोटो आणि नोंद असते.

उशीर, आणि हरवलेला कपडा

लग्नसराईत आणि पावसाळ्यात उशीर होणारच. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, दिवाळीआधी प्लँट तुंबतो. इथे बोलण्याचं कौशल्य दुय्यम, आधी फोन करणं महत्त्वाचं. रोज दुपारी दुकान बंद करण्यापूर्वी पोराने संध्याकाळी द्यायचे कपडे रॅकवर आहेत का ते बघायचं, आणि नसतील तर तेव्हाच कळवायचं: “ताई, आज सातला देतो म्हटलं होतं, पण प्लँटवरून आलेला नाही. उद्या दुपारी बाराला येईल. आजच हवा आहे का? कार्यक्रम आहे का?” शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. लग्नाला घालायची शेरवानी आणि कपाटात ठेवायची शेरवानी यांचा उशीर सारखा नसतो. कार्यक्रम असेल तर पोराने दुचाकीवर प्लँटला जाऊन आणायची, पेट्रोल दुकानाचं.

आणि प्लँटला विचारल्याशिवाय “उद्या नक्की” म्हणायचं नाही. एकदा चुकलेली तारीख गिऱ्हाईक सोडून देतं, दुसऱ्यांदा चुकली की दुकान सोडतं.

कपडा सापडत नसेल तर गिऱ्हाईकासमोर “कुठे गेला बरं” म्हणत रॅक उपसायचा नाही. “मला वीस मिनिटं द्या, शोधून फोन करतो” म्हणून पाठवायचं. मग त्या पावतीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नंबरांच्या पिशव्या उघडायच्या. शर्ट-पँट बहुतेक वेळा शेजारच्या नंबरात गेलेले असतात. ६१ आणि ६७, १८ आणि १९ यांचे टॅग घाईत लिहिलेले असले की हमखास अदलाबदल होते. तिथे नसेल तर प्लँटला टॅगचा नंबर आणि कपड्याचा रंग दोन्ही सांगायचे. दोन दिवसांत सापडला नाही तर पुढचं मालकाकडे.

शिवीगाळ आणि मोबाइल

गिऱ्हाईक चिडलं आहे इथपर्यंत पोराने सहन करायचं. आई-बहिणीवर आलं, किंवा पोरगा कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा यावर आलं, तर नाही. त्याला हे वाक्य द्या, आणि हे बोलल्याबद्दल मालक कधीच रागावणार नाही हे आधीच सांगून ठेवा: “साहेब, कपड्याबद्दल काय बोलायचं ते बोला, मी ऐकतोय. शिवी नको.” एकदाच म्हणायचं. पुन्हा झालं तर मालकाला फोन लावून फोन काउंटरवर स्पीकरवर ठेवायचा.

व्हिडिओ काढायला लागलं कोणी तर मोबाइलवर हात घालायचा नाही, “बंद करा” म्हणायचं नाही. उलट त्याच शांत आवाजात पुन्हा तेच: डाग दिसतोय, साडी ठेवून घेतोय, उद्या अकराला फोन. व्हिडिओत दुकानाकडून एवढंच दिसलं तर बघणाऱ्याला पाच सेकंदांत कंटाळा येतो.

तुम्ही दुकानात असाल आणि पोराची चूक झाली असेल, तरी गिऱ्हाईकासमोर त्याच्यावर ओरडू नका. पुष्कळ मालक गिऱ्हाईकाला बरं वाटावं म्हणून पोराला चार शब्द सुनावतात. गिऱ्हाईकाला क्षणभर बरं वाटतंही. पण पुढच्या वेळी काही चुकलं की तो पोरगा ते लपवणार. कपडा मागच्या रॅकवर सरकवून ठेवेल आणि तुम्हाला कळेल तेव्हा महिना उलटलेला असेल. “हे माझ्या दुकानात झालं, मी बघतो” एवढं म्हणून पोराला पाणी आणायला पाठवा. जे बोलायचं ते शटर ओढल्यावर.

वहीत प्रत्येक तक्रारीची एक ओळ लिहायला लावा: पावती नंबर, कपडा, काय झालं, काय बोललो, कशावर मिटलं. महिन्याने ती वही दोघांनी मिळून वाचा. एकाच प्लँटच्या, एकाच प्रकारच्या साड्यांच्या तक्रारी ओळीने दिसायला लागल्या तर पोराला शिकवायचं तूर्त बाजूला ठेवा आणि आधी प्लँटवाल्याला फोन करा.